मिनिटाला चाळीस

आई दवाखान्यात दहा दिवस होती. जुलाबांनी अंगातलं पाणी एकदम कमी झालं, आणि पंच्याहत्तरीला आलेल्या शरीराला ते सोसलं नाही. पहिले दोन दिवस सलाईन चालूच होतं. रात्रपाळीच्या सिस्टर येऊन नळीवरचं चाक बोटानं फिरवायच्या, घड्याळाकडं बघत ओठांतल्या ओठांत मोजायच्या आणि म्हणायच्या, "मिनिटाला चाळीस ठेवलंय, कमी-जास्त वाटलं तर हाक मारा." मग रात्रभर मी मोजत बसायचो. पाकिटावर छापलेलं असतं की या नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिली. म्हणजे मिनिटाला दोन मिली, तासाला एकशेवीस, आणि पाचशेची बाटली चार तास दहा मिनिटांत संपणार. बाटली बरोबर तेवढ्याच वेळात संपायची. आईच्या अंगात थेंबाथेंबानं पाणी परत जातंय, त्याचा हिशेब आपल्याला लागतोय, एवढाच काय तो त्या दोन रात्रींत धीर होता.

सातव्या रात्री बायको म्हणाली, "अहो, आज मी थांबते, तुम्ही घरी जाऊन नीट झोपा." आठवडाभर मी घरी आंघोळीपुरताच येत होतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं, वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. अकराच्या सुमाराला आडवा झालो, गल्ली शांत झाली आणि मोरीतून आवाज यायला लागला. टप. थोडं थांबून परत टप. दोन रात्रींची सवय अंगात मुरलेली, हात आपोआप घड्याळाकडं गेला. एक मिनिट मोजलं. चाळीस. खोटं वाटेल, पण अगदी चाळीस. परत मोजलं तर एकेचाळीस. अंधारात पडल्या पडल्या दवाखान्यातलं गणित पुढं सरकलं. मिनिटाला चाळीस, वीस थेंबांचा मिली, म्हणजे मिनिटाला दोन मिली, दिवसाचे जवळजवळ तीन लिटर, महिन्याचे शहाऐंशी. तिकडं आईला एकेक थेंब मोजून देत होते, आणि इकडं तिच्या मोरीत त्याच चालीनं पाणी गटारात चाललं होतं.

झोप येणं शक्यच नव्हतं. उठलो, दिवा लावला.

मोरीत दिव्याखाली मी त्या नळापुढं बराच वेळ उकिडवा बसून होतो. थेंब पडतो म्हणतो आपण, पण तो पडायच्या आधी किती वेळ लटकलेला असतो ते कधी बघत नाही. तोटीच्या कडेला आधी नुसता ओलसर फुगवटा दिसतो. तो भरत जातो, खाली झुकतो, मग त्याची मान बारीक होते आणि एका क्षणात तुटते. तुटलेल्या मानेचा एक टाचणीच्या डोक्याएवढा बारका थेंब मोठ्याच्या मागोमाग खाली येतो. डोळे जवळ नेले तरच तो दिसतो. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा थेंब सलाईनच्या थेंबासारखा नाही. सलाईनचा थेंब जोंधळ्याच्या दाण्याएवढा असायचा, हा चांगला पावट्याएवढा होता. तो वीस थेंबांचा हिशेब इथं चालणार नव्हता.

मी उद्यमनगरात एका कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर असतो. माप घेतल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही, ही सवय पंचवीस वर्षांची. तरीही एका नळीवरचं माप मी डोळे झाकून दुसऱ्या तोटीला लावून मोकळा झालो होतो, याची मला त्या रात्री खरंच लाज वाटली. थेंब केवढा व्हायचा हे तो ज्या कडेला लटकतो त्या कडेवर ठरतं. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, आणि त्या ताणानं पाणी कडेला धरून राहतं. थेंबाचं वजन त्या पकडीला भारी झालं की तो सुटतो. कड जेवढी लांब तेवढी पकड मोठी, म्हणून थेंबही जड. सलाईनच्या कुपीतली नळी बारीक, तिथं पाव मिलीचे पाच थेंब होतात. लहान मुलांसाठी त्याहूनही बारीक तोंडाचा सेट येतो, त्याचे साठ थेंब म्हणजे एक मिली. आमच्या पितळी तोटीचं तोंड बाहेरून पंधरा मिलीमीटरचं. पण म्हणून थेंब अख्ख्या तोंडाएवढा होतो असंही नाही. नळ जरा कलता असला तर पाणी कडेच्या एकाच बाजूला गोळा होतं, आणि तोंड कितीही रुंद केलं तरी एका मर्यादेपलीकडं थेंब वाढत नाही, त्याआधीच स्वतःच्या वजनानं तुटतो. नळाच्या थेंबाला पाव मिली धरायची पद्धत आहे, ती या मर्यादेच्या जवळची. तो आकडा धरला तर माझ्या चाळीस थेंबांचे महिन्याला चारशे बत्तीस लिटर झाले असते.

म्हणजे एकच नळ, एकच मोजणी, आणि उत्तर शहाऐंशीपासून चारशे बत्तीसपर्यंत कुठंही. पाचपट फरक. मोजणी चोख होती, पण कशाची मोजणी तेच माहीत नव्हतं.

मग वाटीत पन्नास थेंब धरले. वाटी नळाच्या अगदी जवळ धरली, नाहीतर शिंतोडे बाहेर उडतात आणि माप कमी भरतं. मोजताना मागून येणारा तो बारका थेंब सोडून द्यायचा, त्याचं पाणी वाटीत येतंच. सव्वा मिनिटात पन्नास झाले. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत दहा मिलीची एक कोरी सिरिंज होती, तिनं वाटीतलं पाणी ओढून घेतलं. आडवी धरली तर हवेचा बुडबुडा मध्ये येतो, म्हणून उभी धरून, टिचकी मारून, डोळ्यांसमोर आणून वाचलं. नऊ मिली. तीनदा केलं, तिन्हीदा नऊच्या रेषेच्या अलीकडं-पलीकडं. नऊ भागिले पन्नास, म्हणजे आमच्या मोरीतला थेंब ०.१८ मिलीचा.

पुढचं सोपं. दिवसाची मिनिटं १,४४०, तीस दिवसांची ४३,२००. लिटरमध्ये उत्तर हवं तर हजारानं भागून ४३.२ उरतात. मिनिटाचे थेंब गुणिले एका थेंबाचे मिली गुणिले ४३.२, झाले महिन्याचे लिटर. चाळीस गुणिले ०.१८ म्हणजे ७.२, आणि त्याला ४३.२ नं गुणलं की ३११. कागदावर तो आकडा लिहिला आणि त्याच्याकडं बघत बसलो. महिन्यात सतरा लाख अठ्ठावीस हजार थेंब.

आम्हा कोल्हापूरकरांना पाण्याचे आकडे तोंडपाठ असतात. पावसाळ्यात सकाळी उठून चहाच्या आधी पंचगंगा किती फुटांवर आली ते बघायचं. राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, हे शाळकरी पोरगंही सांगेल. राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते बसमध्ये शेजारचा अनोळखी माणूस विचारतो. नदीची इंच-इंच खबर ठेवणारे आम्ही, आणि मोरीतल्या नळाचा आकडा घरात कुणालाच ठाऊक नव्हता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी सहज परत मोजलं. माझी आंघोळ झालेली, धुणं झालेलं. छत्तीस. सुटी टाकली होती, म्हणून दुपारी आईचा डबा देऊन घरी आलो तेव्हा मोजलं, तेहतीस. संध्याकाळी पाचला एकतीस. आधी वाटलं, मोजण्यात चूक होतेय. एका मिनिटाच्या मोजणीत सुरुवातीचा किंवा शेवटचा एखादा थेंब इकडंतिकडं होतोच, पण चाळीसचे एकतीस त्यानं होत नाहीत. मग आठला नळाला पाणी आलं, मोटर लावली, गच्चीवरची टाकी भरली. साडेदहाला मोजलं तर पुन्हा चाळीस.

कारण टाकीत होतं. आमची टाकी गच्चीवर तीन फुटांच्या कट्ट्यावर बसवलेली. मोरीचा नळ तिच्या तळापासून साधारण अकरा फूट खाली. टाकी काठोकाठ भरली की पाण्याची उंची साडेतीन फुटांनी वाढते, आणि नळावर साडेचौदा फुटांचा दाब येतो. दिवसभरात टाकी उतरत जाते तसा दाब उतरतो आणि गळतीही मंदावते. हाच नळ खालच्या मजल्यावर असता तर पंचवीस फुटांत साडेतीन फुटांचा फरक फारसा जाणवला नसता. टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला तो चांगलाच जाणवतो. म्हणजे रात्री अकराला मोजलेलं माझं मिनिट हे दिवसातलं सगळ्यांत जोराचं मिनिट होतं, आणि मी तेच मिनिट त्रेचाळीस हजार वेळा गिरवलं होतं. उलट संध्याकाळी पाचला मोजलं असतं तर उत्तर अडीचशेच्या आत आलं असतं. अंगणातला आमचा दुसरा नळ थेट मुख्य लाईनवर आहे. तो गळत असता तर पाणी येतं तेवढे दोन-अडीच तासच गळला असता. त्याला १,४४० मिनिटांनी गुणणं हा तर सरळ सरळ चुकीचा हिशेब झाला असता.

म्हणून मग बादली लावली. साडेदहा ते दुसऱ्या दिवशी साडेदहा, पूर्ण चोवीस तास, मध्ये कुणी तो नळ सोडायचा नाही असं बायकोला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मोजायचं काय त्यात, गळतंय ते दिसतंय की." तिचं चुकीचं नव्हतं. पण मला आता तो आकडा हवाच होता. घरात दुधाचं लिटरचं जुनं माप आहे. माझे वडील गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घ्यायचे, त्या काळातलं ते माप, काठावर चेपलेलं. आई घरी आलेलं दूध त्या मापानं मोजायची आणि फेस बसेपर्यंत थांबायची, फेस दुधात धरायचा नाही म्हणून. त्याच मापानं बादली रिकामी केली. नऊ मापं भरली, दहाव्यात तिसऱ्या हिश्श्याला थोडं कमी. नऊ लिटर तीनशे मिली. महिन्याचे दोनशे एकोणऐंशी लिटर, म्हणजे चोवीस तासांची सरासरी मिनिटाला छत्तीस थेंब. माझे तीनशे अकरा साधारण एक दशांशानं जास्त होते.

हे सगळं चाललेलं असताना एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. हा नळ कधीपासून गळतोय? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "दिवाळीपासनं. आईंनी चिंधी बांधलेली की त्याला." कसली चिंधी? मग तिनं दाखवली. दोरीवर वाळत घातलेली, जुन्या सुती लुगड्याची वीतभर पट्टी. आई ती तोटीला गाठ मारून बांधायची आणि तिचं दुसरं टोक बादलीत सोडायची. थेंब लटकून तुटायच्या आधीच पाणी पट्टीवरून ओघळत बादलीत उतरायचं. आवाज नाही, शिंतोडे नाहीत, आणि मोजायला थेंबही नाही. आईला दवाखान्यात नेलं त्या गडबडीत बायकोनं पट्टी मळलेली दिसली म्हणून धुवायला टाकली, आणि दवाखान्यातल्या कपड्यांसाठी तिथली बादली उचलली. एवढंच. म्हणून सातव्या रात्री मला आवाज ऐकू आला. तीन महिने मी त्याच घरात, त्या मोरीपासून दहा पावलांवर झोपत होतो.

बादली रोज सकाळी निम्म्याच्या आसपास भरायची. ते पाणी तुळशीला, जास्वंदीला, उंबऱ्यावर सडा टाकायला, मोरी धुवायला. आई रोज नऊ लिटर वापरत होती, आणि तिला त्याचा आकडा काढायची कधी गरज पडली नव्हती. तीन महिन्यांत जे वाया गेलं नाही ते तिच्यामुळं, आणि ती नव्हती त्या सात दिवसांत गेलं ते सगळं. सात गुणिले नऊ लिटर तीनशे मिली, पासष्ट लिटर. आमच्या तांब्याच्या घागरीत बारा लिटर मावतात. साडेपाच घागरी.

लिटर सांगितले की काहीच वाटत नाही. घागर म्हटलं की मला २०१९ चा ऑगस्ट दिसतो. शिंगणापूर आणि बालिंग्याचे पंप पुराच्या पाण्याखाली गेलेले, खाली सगळीकडं पाणीच पाणी आणि नळ कोरडे. पूर आमच्या दारापर्यंत आला नव्हता, पण पाणीही येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाला टँकर आला की बायका-पोरं भांडी घेऊन धावायची. मी एक कळशी घेऊन उभा होतो, आणि माझ्या पुढं आई, कमरेवर ही घागर. मी म्हटलं, दे मला. ती म्हणाली, "तू तुझी कळशी सांभाळ. हिंदकळंल." घागर भरल्यावर तिनं नुसतं घागरीचं तोंड पुसलं नाही, बाहेरून ओघळणारे थेंबही तळहातानं वर सारून आत घेतले. दोन जिने चढून आल्यावर तिचा दम लागलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

रविवारी नळ काढला. टाकीचा कॉक बंद केला, नळ सोडून नळीतलं पाणी उतरू दिलं, पान्यानं वरचा नट सैल करून स्पिंडल बाहेर काढला. खाली रबरी वायसर. नळ बंद करताना वायसर ज्या पितळी कड्यावर दाबून बसतो त्या सीटची गोल खाच त्यावर चांगली खोल उठलेली, आणि एका बाजूला कड फाटलेली. नळ गळायला लागला की आपण तो आणखी आवळतो, आणि आवळला की ती खाच आणखी खोल जाते. आमच्या सगळ्यांच्या हातांनी तो तसा आवळला गेला होता. आठवून बघितलं तर दसऱ्याच्या आधीपासूनच नळ बंद करायला जरा जास्त जोर लागत होता. तेव्हाच वायसर बदलायला हवा होता.

नवा वायसर घातला, कॉक सोडला. पहिली चार-पाच मिनिटं जे थेंब येतात ते धरायचे नाहीत, ते तोटीत राहिलेलं पाणी असतं. दहा मिनिटांनी मोजलं. मिनिटाला चार. कुणी म्हणेल, झालं की, चाळीसवरून चारवर आला. पण चार थेंबांचेही महिन्याला एकतीस लिटर होतात, अडीच घागरी. परत उघडला. टॉर्च मारून आत बघितलं तर पितळी सीटच्या काठावर केसाएवढी खाच होती. वाया गेलेल्या वायसरमधून पाणी महिनोन् महिने एकाच जागेवरून जोरात निसटत राहिलं की पितळेवरही वाट पडते. नवा वायसर कितीही बसवा, त्या वाटेनं पाणी येणारच. लाकडी खुंटीच्या सपाट टोकाला बारीक पॉलिश पेपर चिकटवला आणि हलक्या हातानं, एकाच दाबानं फिरवत राहिलो. मध्ये मध्ये बोटानं चाचपायचं. कडेची खाच बोटाला लागेनाशी झाली तेव्हा पितळेची भुकटी धुऊन काढली आणि पुन्हा जोडलं. रात्री टाकी भरल्यावर, म्हणजे सगळ्यांत जास्त दाब असताना, मोरीत बसून पाच मिनिटं घड्याळ लावलं. तोटीच्या कडेला ओल होती, पण तिचा थेंब झाला नाही.

सोमवारी आई घरी आली. जिना चढायला दोनदा थांबली. पलंगावर बसवायला लागलो तर म्हणाली, "थांब, हात-पाय धुते आधी." मोरीत गेली, बराच वेळ आवाज नाही. मी मागं जाऊन उभा राहिलो. ती तोटीला हात लावून बघत होती, हाताच्या मागच्या बाजूला सलाईनची सुई काढल्याचा निळा डाग.

"केलास व्हय नीट?"

"केला. महिन्याला तेवीस घागरी जात होत्या आई." मग जरा थांबून खरं ते सांगितलं. "तू नव्हतीस तेव्हा साडेपाच गेल्या. तुझी चिंधी निघाली होती, आमच्या ध्यानात आलं नाही."

ती काही बोलली नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. ओठ हलत होते, बहुतेक घागरी मोजत होती. मग दोरीवरची ती पट्टी तिनं ओढून घेतली, मांडीवर ठेवून हातानं सरळ केली, चार घड्या घातल्या आणि मोरीच्या खिडकीत, साबणाच्या मागं ठेवून दिली. "तुळशीला पाणी घातलंय का कुणी?" तिनं विचारलं. नव्हतं घातलं. मी तांब्या घेऊन नळ सोडला.